पासबुकाच्या तळाशी बसलेले साडेतीन लाख

प्रश्न: आम्ही करवीर तालुक्यातले. ऊसबिल आणि दूधबिल दोन्ही मालकांच्या बचत खात्यावर येतं. पाचेक वर्षं खात्यावर साडेतीन ते सात लाख असतातच, आत्ता ५ लाख २० हजार आहेत. मालक म्हणतात, पैसा सुरक्षित आहे, वर व्याजही पडतंय, हलवायचा कशाला? धाकटे दीर म्हणतात, महागाई खातेय. शिल्लक तर वाढलेलीच दिसते, मग खातेय कुठं? आणि अडीअडचणीला पैसे लागतात, ते अडकवून कसं चालेल? ट्रॅक्टरचं १ लाख ४० हजार कर्ज बाकी आहे, ११ टक्क्यांनं, हप्ता ६,०००. मुलीच्या लग्नाला तीनेक वर्षं आहेत. गावातली पतसंस्था ९.५ टक्के देते, तिथं ठेवावं का?

उत्तर:

ताई, मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाखांमध्ये ३१ वर्षं बँकेची नोकरी केली, त्यातली निम्मी काउंटरवर. तुमच्यासारखी पासबुकं शेकड्यानं हाताखालून गेलीत. तुमचे दीर बरोबर आहेत आणि मालकांची धास्तीही खोटी नाही. दोघांचं एकत्र बसवता येतं.

खातेय कुठं, ते आधी बघू. पासबुकात रुपये छापलेले असतात, त्या रुपयांत काय येतं ते छापलेलं नसतं, म्हणून नुकसान दिसत नाही. गॅसच्या सिलिंडरचं बघा. २०२० च्या जुलैत मुंबईत घरगुती सिलिंडर ५९४ रुपयांना होता, २०२५ च्या एप्रिलमधल्या वाढीनंतर तो ८५२ रुपये ५० पैशांना झाला. आपल्याकडे दोनचार रुपयांचा फरक, बाकी तेच. २०२० मध्ये ५ लाखांत ८४१ सिलिंडर आले असते. तेच ५ लाख बचत खात्यावर व्याजासह ५ लाख ७२ हजार झाले, तर त्या भावानं त्यात ६७१ येतात. पासबुक म्हणतं ७२ हजार वाढले, स्वयंपाकघर म्हणतं १७० सिलिंडर गेले.

एका वस्तूवरून महागाई ठरत नाही, हेही खरं. काही वस्तू यापेक्षा कमी वाढल्या, काही जास्त. म्हणून सरकार धान्य, तेल, कपडे, औषधं, शाळेची फी, प्रवास अशी घरखर्चाची मोठी टोपली धरून किरकोळ महागाईचा दर काढतं. तो २०२०-२१ मध्ये सरासरी ६.२ टक्के होता, पुढच्या वर्षी ५.५, मग ६.७, मग ५.४ आणि २०२४-२५ मध्ये ४.६. यांची बेरीज करून चालत नाही, कारण प्रत्येक वर्षाची वाढ आधीच्या वाढलेल्या किमतीवर बसते. एकावर एक चढवले की पाच वर्षांत ३२ टक्क्यांच्या जवळ जातात. म्हणजे २०१९-२० मध्ये जो संसार ५ लाखांत भागत होता, त्याला २०२४-२५ मध्ये ६ लाख ५९ हजार लागत होते. खात्यावर त्या काळात मोठ्या सरकारी बँकेत २.७० टक्के मिळत होते, त्याचे झाले ५ लाख ७२ हजार. उरलेले ८७ हजार कुठल्याच नोंदीत सापडणार नाहीत. कुणी काढले नाहीत, बँकेनं कापले नाहीत, म्हणून कुणी भांडायलाही येत नाही. सेवाशुल्काचे ११८ रुपये कापले गेले तर माणूस शाखेत येऊन आवाज चढवतो, ते मी रोज बघितलंय. या ८७ हजारांसाठी ३१ वर्षांत एकही माणूस आला नाही.

हे आजचंही नाही. २०१० च्या आसपास महागाई दोन आकडी होती, तेव्हा बचत खात्यावर सगळ्या बँकांत ३.५ टक्केच मिळायचे, कारण तो दर रिझर्व्ह बँक ठरवायची. २०११ च्या ऑक्टोबरात तो बँकांवर सोडला. सगळ्या बँका चढाओढीनं दर वाढवतील असं तेव्हा वाटलं होतं. काही छोट्या बँकांनी वाढवलाही, मोठ्या बँकांचा मात्र २०२५ मध्ये अडीच टक्क्यांवर आला. सोय म्हणून ठेवलेला पैसा लोक दरासाठी हलवत नाहीत, हे बँकेला पक्कं ठाऊक असतं.

तुमच्या ५ लाख २० हजारांवर अडीच टक्क्यांनं दिवसाला साडेपस्तीस रुपये व्याज पडतं. महागाई ४ टक्के धरली, जे रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट आहे, तर ती दिवसाला ५७ रुपये खाते. मधे महागाई खूप उतरली होती, मग काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. २०२५ च्या ऑक्टोबरात ती पाव टक्क्यावर आली होती हे खरं, आणि त्या महिन्यांत बचत खातं थोडं पुढंही होतं. पण महागाईचा दर उतरला म्हणजे वाढ मंदावली, भाव मागं आले नाहीत. पाच वर्षांत गेलेले ८७ हजार त्यानं भरून येत नाहीत.

आता अडकवायचे किती, हा तुमचा खरा प्रश्न. त्याचं उत्तर तुमच्या पासबुकातच आहे. मागच्या २४ महिन्यांच्या नोंदी घ्या आणि प्रत्येक महिन्यात शिल्लक सगळ्यांत खाली कितीवर गेली, तेवढा एकच आकडा एका कागदावर उतरवा. ऊसबिलाची पहिली उचल आली की शिल्लक फुगते, आडसाली लागणीला खत-बियाण्याला आणि जूनमध्ये फीला ती उतरते. या २४ आकड्यांतला सगळ्यांत लहान आकडा म्हणजे तुमचा तळ. विहिरीचं पाणी उन्हाळ्यातसुद्धा ज्या पायरीखाली जात नाही, तशी ही पायरी. तुम्ही म्हणता शिल्लक साडेतीन लाखांच्या खाली जात नाही. म्हणजे दोन वर्षांतल्या सगळ्या लागणी, फिया, दवाखाने, पाव्हण्यांची लग्नं होऊनसुद्धा या साडेतीन लाखांना कुणी हात लावला नाही. अडीअडचणीला पैसे लागतात ते खरं, पण ते वरच्या १ लाख ७० हजारांतूनच लागलेत.

एक काळजी घ्या. त्या दोन वर्षांत मोठं आजारपण आलं नसेल तर तळ खोटा मोठा दिसतो. म्हणून त्यातूनही अडचणीचा वेगळा वाटा काढायचा आहे.

वरचे १ लाख ७० हजार हा फिरता पैसा, तो बचत खात्यावरच राहू द्या. फक्त शाखेत जाऊन खात्याला ऑटो स्वीपची सोय जोडता येते का ते विचारा. बँकेबँकेत नाव वेगळं असतं. खात्यावर ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त साचलं की जास्तीचं आपोआप मुदत ठेवीत जातं आणि खात्यावर कमी पडलं की हवं तेवढंच मोडून परत येतं. याच्या दोन खोड्या मात्र जपा. ठेव सात दिवसांच्या आत मोडली तर त्या पैशावर काहीच व्याज मिळत नाही, बचत खात्याचे अडीच टक्केसुद्धा नाहीत. आणि नंतर मोडली तरी जितके दिवस राहिली तेवढ्याच मुदतीचा दर लागतो, त्यातूनही बऱ्याच बँका अर्धा ते एक टक्का कापतात. त्यामुळं दर आठवड्याला आत-बाहेर करणाऱ्या पैशाला स्वीप तोट्याचा. तुमचं दूधबिल दहा दिवसांनी येतं आणि घरात लगेच खर्चतं, म्हणून स्वीपची मर्यादा अगदी खाली ठेवू नका. बँक निवडू देत असेल तर ५० हजारांच्या वर जे साचेल तेच जाऊ द्या.

आता तळाचे साडेतीन लाख. पहिला घास ट्रॅक्टरच्या कर्जाचा. खात्यावर अडीच टक्के मिळतात आणि त्याच घरातून ११ टक्के जातात, हे मी अनेक शेतकरी घरांत बघतो. कर्ज आणि शिल्लक वेगवेगळ्या पासबुकात असल्यामुळं दोन्ही एकदम डोळ्यासमोर येत नाहीत. १ लाख ४० हजार बाकीवर ६,००० च्या हप्त्यानं पुढच्या एका वर्षात साधारण साडेबारा हजार व्याज जाईल. खात्रीनं ११ टक्के देणारी ठेव तुम्हाला कुठल्याही सुरक्षित जागी मिळणार नाही. हे कर्ज फेडणं म्हणजे तीच ठेव. आधी कर्जखात्याच्या शाखेतून आजच्या तारखेचा पूर्ण फेडीचा आकडा लेखी घ्या आणि मुदतीआधी फेडल्याचं शुल्क किती ते विचारा. हे शुल्क वाचणाऱ्या व्याजाहून बरंच कमी असेल तर फेडून टाका.

सोसायटीच्या पीककर्जाला मात्र हा नियम लावू नका. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज सवलतीमुळं आपल्या राज्यात शेतकऱ्याला ते शून्य टक्क्यानं पडतं. ते मुदतीआधी भरण्यात काही कमाई नाही, तारीख चुकवण्यात मात्र मोठं नुकसान आहे. कारखाना बिलातूनच वसुली करत असेल तर कपात मुदतीच्या आत सोसायटीला पोचली का, एवढं दरवर्षी बघा.

उरले २ लाख १० हजार. त्यातला १ लाख अडचणीचा. तुमचा घरखर्च महिन्याला २५ हजार धरला तर हे चार महिने झाले. याची एकच मोठी ठेव करू नका. २५ हजारांच्या चार करा: पहिली तीन महिन्यांची, दुसरी सहा, तिसरी नऊ, चौथी एक वर्षाची. जी संपेल ती पुढं एकेक वर्षासाठी चालू ठेवा. मग दर तीन महिन्यांनी एक ठेव हातात येते आणि मधेच गरज पडली तर एकच मोडावी लागते, बाकीच्या तीनचं व्याज शाबूत राहतं.

इथं एक गोष्ट मी पोटतिडकीनं सांगतो, कारण शाखेत ती मी फार वाईट वेळी बघितली आहे. खातं एकट्या मालकांच्या नावावर आहे, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. उद्या तेच दवाखान्यात असले तर पैसे त्यांचेच, पण काढायला सही त्यांचीच लागणार. एकदा कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात नवरा दाखल असलेली एक बाई काउंटरवर उभी होती, खात्यावर ४ लाख होते आणि मला ते देता येत नव्हते. म्हणून बचत खात्याला तुमचं नाव जोडून घ्या, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात' या पद्धतीनं. आणि हेही ध्यानात ठेवा: अशा जोडनावाच्या मुदत ठेवीत मुदत संपल्यावर एकाची सही चालते, पण मुदतीआधी मोडायची तर दोघंही हयात असताना दोघांच्या सह्या मागितल्या जातात. म्हणजे ऐन आजारपणात ठेव अडकू शकते. म्हणून चारपैकी दोन ठेवी एकट्या तुमच्या नावावर करा, आणि पहिल्या दोन दिवसांना पुरेल एवढी रक्कम बचत खात्यावर मोकळी ठेवा. नॉमिनी सगळ्यांना लावा.

राहिले १ लाख १० हजार, ते लग्नाचे. तारीख माहीत असलेल्या पैशाला त्या तारखेची मुदत द्यायची. पोस्टाच्या तीन वर्षांच्या मुदत ठेवीला २०२५-२६ मध्ये ७.१ टक्के दर होता, त्याच वेळी मोठ्या बँकांत एक वर्षाच्या ठेवीला सव्वासहाच्या आसपास. पोस्टाचा दर सरकार दर तीन महिन्यांनी जाहीर करतं, पण तुम्ही ठेव ठेवता त्या दिवशीचा दर तिन्ही वर्षं कायम राहतो. सहा महिने ती मोडता येत नाही. लग्नाचा पैसा शेअर बाजारात किंवा इक्विटी म्युच्युअल फंडात घालू नका, दिरांनी सुचवलं तरी नको. महागाईला दीर्घ काळात हरवायला तो मार्ग चांगला आहे आणि सात-दहा वर्षं न लागणाऱ्या पैशाला मीच तो सुचवतो, पण तीन वर्षांत बाजार खाली असला म्हणून मांडव पुढं ढकलता येत नाही. सोनं लागणारच असेल तर थोडं थोडं घेत राहा, फक्त गुजरीतल्या सराफाकडे घेताना मजुरी आणि जीएसटी देतो ते मोडताना परत येत नाही. म्हणून लागणार तेवढंच घ्या, साठवण म्हणून दागिने करू नका.

आता पतसंस्था. माझ्या जवळच्या नात्यातल्या एका घराचे पैसे अशाच एका संस्थेत अडकले होते. मुद्दल तुकड्यातुकड्यानं आलं, त्याला कित्येक वर्षं लागली, आणि महागाई त्या थांबलेल्या पैशाला आणखी जोरानं खात होती. सगळ्या पतसंस्था वाईट नसतात, काही उत्तम चालतात, पण फरक कायद्यातच आहे. पाटीवर 'सहकारी बँक' असेल तर ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली असते आणि प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा असतो. २०२० च्या फेब्रुवारीत ही मर्यादा १ लाखावरून वाढली. पाटीवर 'पतसंस्था' असेल तर ती १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखालची, सहकार खात्याच्या देखरेखीतली, आणि तिथल्या ठेवींना हा विमा नाही. साडेनऊ आणि सव्वासहा यांतला सव्वातीन टक्क्यांचा फरक हा त्या धोक्याचा मोबदला आहे. १ लाखावर तो वर्षाला ३,२५० रुपये होतो. तेवढ्यासाठी अडचणीचा किंवा लग्नाचा पैसा तिथं ठेवू नका.

हाच विमा तुमच्या बँकेतल्या पैशालाही बघा. हंगामात खात्यावर ७ लाख होतात म्हणता, ते एकाच नावानं एकाच बँकेत असले तर ५ लाखांच्या वरचे २ लाख विम्याबाहेर. दोन शाखांत ठेवून उपयोग नाही, एका बँकेच्या सगळ्या शाखा एकच धरतात. वर सांगितलेल्या ठेवी तुमच्या नावावर आणि पोस्टात गेल्या की हेही बरंचसं सुटतं, कारण पोस्टाच्या ठेवीला पूर्ण सरकारची हमी आहे.

काउंटरवर ठेव करायला गेलात की कुणीतरी 'याच पैशात विमाही मिळेल, व्याजही जास्त' असं सांगेल. कागदावर 'प्रीमियम' हा शब्द दिसला तर ती ठेव नव्हे, विम्याची पॉलिसी आहे, बहुतेक वेळा दरवर्षी भरायची, आणि पहिल्या काही वर्षांत मोडली तर मुद्दलही पूर्ण येत नाही. आधीच सही झाली असेल तर पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, तशी लेखी मागणी करा.

हे सगळं केल्यावर हिशेब कसा बसतो ते बघा. आज खात्यावर वर्षाला १३ हजार व्याज येतं आणि ट्रॅक्टरपायी साडेबारा हजार जातं, म्हणजे ५ लाख २० हजारांवर वर्षाची कमाई जेमतेम पाचशे रुपये. नव्या मांडणीत फिरत्या पैशावर सव्वाचार हजार, अडचणीच्या लाखावर सहाच्या आसपास आणि लग्नाच्या पैशावर पावणेआठ, मिळून १८ हजार येतील आणि व्याज काही जाणार नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी हे व्याज करपात्र उत्पन्नात धरलं जातं. घरात पगार किंवा भाडं नसेल तर एवढ्या रकमेवर कर बसणार नाही, पण विवरणपत्र भरत असाल तर दाखवा.

यानं तुम्ही श्रीमंत होणार नाही. २०२० मध्ये पाच वर्षांची बँक ठेव केली असती तरी तेव्हाच्या साधारण साडेपाच टक्क्यांनं ती महागाईच्या बरोबरीलाच पोचली असती, फार पुढं गेली नसती. पण बरोबरीला राहणं आणि ८७ हजार मागं पडणं यात एका म्हशीचा फरक आहे.

एक शेवटची जागा, जिथं हे बहुतेक घरांत फसतं. कर्ज फिटलं की दरमहा ६,००० मोकळे होतात, आणि दोन वर्षांत तेच पुन्हा बचत खात्याच्या तळाला जाऊन बसतात. हप्ता बंद होईल त्याच महिन्यापासून, त्याच तारखेला ६,००० ची आवर्ती ठेव आपोआप कापली जाईल अशी सूचना देऊन ठेवा. घराला हप्त्याची सवय आहे, ती मोडू देऊ नका. आणि कर्ज फेडल्याच्या दिवशी नुसती पावती घेऊन घरी येऊ नका. बँकेकडून ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ मागून घ्या आणि आरटीओत देऊन ट्रॅक्टरच्या आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवून घ्या, नाहीतर पुढं ट्रॅक्टर विकताना कागद अडतो.